रुपया थांबेल, बॅटरी थांबणार नाही

लहान मुलाने काहीतरी गिळले किंवा नाकात घातले की घरात एकच गोंधळ उडतो. कुणी मुलाला उलटे धरते, कुणी पाठीत धपाटे घालते, कुणी केळी आणायला धावते आणि कुणी गाडी काढायला. पेण आणि रोह्याकडच्या घरांत या गोंधळात आणखी एक प्रश्न असतो: इथेच दाखवायचे, अलिबागला न्यायचे, की सरळ पनवेल-मुंबईची वाट धरायची? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा घरातली भीती ठरवते. रडणारे मूल रात्री मुंबईला नेले जाते आणि हसत-खेळत असलेले मूल सकाळपर्यंत घरीच राहते. नाकात गेलेल्या साध्या मण्यासाठी रात्रीचा महामार्ग तुडवला जातो आणि ‘रुपयाच गिळलाय, शौचावाटे पडेल’ असे म्हणत दुसऱ्या घरात एखादी बटणासारखी बॅटरी रात्रभर अन्ननलिकेत राहते.

किती घाई करायची हे मूल किती रडते यावर ठरत नाही. ते तीन गोष्टींवर ठरते: वस्तू कोणती, ती अडकली कुठे आणि मुलाला श्वास घेता येतो का, थुंकी गिळता येते का. या तिन्हींची उत्तरे मिळवायची साधी रीत माहीत असेल तर अर्धी धावपळ वाचते आणि जिथे खरेच धावायचे आहे तिथे वेळ जात नाही.

आधी नाण्याचे पाहू. गिळलेले नाणे पहिल्यांदा अडकते ते अन्ननलिकेच्या तोंडाशी, म्हणजे गळ्याच्या खालच्या भागात. अन्ननलिका तिथे सर्वांत अरुंद असते. ते तिथून सुटले तर छातीच्या मध्यावर किंवा जठराच्या दाराशी थांबू शकते. जठरात पोहोचलेले नाणे मात्र बहुतेक मुलांच्या शरीरातून आठ-पंधरा दिवसांत आपोआप बाहेर पडते. म्हणून ‘नाणे पोटात गेले’ आणि ‘नाणे अन्ननलिकेत आहे’ ही दोन वेगळी दुखणी आहेत. बाहेरून पाहून त्यांतला फरक कळत नाही. अन्ननलिकेत नाणे अडकलेले काही मूल अजिबात तक्रार करत नाही, पाणीही पिते. म्हणूनच मूल हसत असले तरी एक्स-रे काढावाच लागतो, आणि तो त्याच दिवशी.

नाणे अन्ननलिकेत दिसले, पण मुलाला काहीच त्रास नसला, तर डॉक्टर साधारण १२ ते २४ तास थांबू शकतात. अशा मुलांपैकी चारांत एकाचे नाणे या काळात आपोआप जठरात उतरते. त्यासाठी मुलाला उपाशी ठेवून, लक्ष ठेवून, काही तासांनी पुन्हा एक्स-रे काढतात. उतरले नाही तर २४ तासांच्या आत भूल देऊन दुर्बिणीने काढतात. मात्र मुलाची लाळ गळत असेल, थुंकीही गिळता येत नसेल, छातीत-गळ्यात दुखत असेल, श्वास घेताना घरघर होत असेल, तर हे थांबणे नाही. तेव्हा नाणे तातडीने काढावे लागते, कारण अन्ननलिकेतले नाणे पुढच्या श्वासनलिकेवर दाब देऊ शकते.

जठरात उतरलेल्या नाण्यासाठी काहीच करायचे नसते, आणि हेच घरच्यांना सर्वांत कठीण जाते. मुलाने नेहमीचे जेवण जेवावे, खेळावे. शौचात नाणे दिसते का ते पाहावे. दिसले नाही तर डॉक्टर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे सांगतात. चार आठवड्यांनीही ते जठरातच असले तर काढण्याचा विचार होतो. मोठ्या नाण्यांना जठरातून पुढे सरकायला जास्त अडचण येते. दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे आहे. पाच वर्षांखालच्या मुलात ते जठराच्या पुढच्या दारातून जाईलच असे सांगता येत नाही. म्हणून कोणते नाणे होते हे आठवत असेल तर ते डॉक्टरांना सांगावे, तसेच दुसरे नाणे खिशात टाकून न्यावे. या काळात पोटात कळा, उलट्या, ताप किंवा शौचात रक्त असे काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

केळ्यांबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. नाणे गिळले की चार-सहा केळी खाऊ घालायची ही कोकणातल्या घराघरांतली पद्धत आहे. नाणे जठरात असेल तर केळ्याने ते लवकर पडत नाही, म्हणजे केळी निरुपयोगी. नाणे अन्ननलिकेत असेल तर वरून घातलेले केळे त्याच्यावर साचते, मुलाला ठसका लागतो आणि ते श्वासनलिकेत जाऊ शकते. शिवाय पोट भरलेले असले की भूल देणे धोक्याचे होते. जेवणानंतर साधारण सहा तास थांबावे लागते. म्हणजे घरी खाऊ घातलेली केळी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी सहा तासांचा उशीर बनून उभी राहतात. एरंडेल आणि जुलाबाच्या गोळ्यांचेही तेच. उलटी करवणे, घशात बोट घालणे हे त्याहून वाईट, कारण अन्ननलिकेतली वस्तू वर येताना श्वासनलिकेच्या तोंडावर बसू शकते. नाणे गिळल्याचा संशय आला की एक्स-रे होईपर्यंत तोंडाने काही न देणे हाच नियम.

आता त्या वस्तूकडे वळू, जी नाण्यासारखी दिसते आणि नाणे नसते. २०१९ च्या मालिकेतल्या एक रुपयाच्या नाण्याचा व्यास २० मिलिमीटर आहे. दिव्यांच्या माळेचा चपटा रिमोट, वजनकाटा, गाडीची चावी, दिवाळीतल्या विजेच्या पणत्या यांत बसणारी सीआर २०३२ नावाची चपटी लिथियम बॅटरीही बरोबर २० मिलिमीटरची असते. ती रुपयापेक्षा जाड असते, पण रंग तसाच, चकाकी तशीच. मुलाच्या तोंडात जाताना ज्याने ओझरते पाहिले त्याला तो रुपयाच वाटतो.

शरीरात मात्र या दोघांचे वागणे सारखे नसते. नाणे नुसते बसून राहते. बॅटरीच्या दोन्ही बाजूंना अन्ननलिकेचे ओले अस्तर टेकले की तिच्यातून वीज वाहू लागते. त्या विजेने ऋण बाजूपाशी कॉस्टिक सोड्यासारखे जहाल अल्कली तयार होते आणि ते अस्तर जाळते. बॅटरी फुटावी किंवा गळावी लागत नाही. ‘सेल संपला होता, रिमोट चालत नव्हता’ याचाही उपयोग नाही. रिमोट चालवायला न पुरणारी वीज अस्तर जाळायला पुरते. जळणे पहिल्या पाव तासात सुरू होते आणि दोन तासांत खोल जखम होऊ शकते. अन्ननलिकेला छिद्र पडते, श्वासनलिकेशी भोक जुळते, आणि क्वचित छातीतली मोठी रक्तवाहिनी पोखरली जाऊन बॅटरी काढल्यानंतर दिवसांनी किंवा आठवड्यांनीही प्राणघातक रक्तस्राव होतो. अन्ननलिकेतली बॅटरी शक्य तितक्या लवकर, जमल्यास दोन तासांच्या आत निघाली पाहिजे. तिच्यासाठी सहा तास उपाशी राहण्याची वाट भूलतज्ज्ञही पाहत नाहीत.

दोघांतला फरक एक्स-रेत कळतो, पण पाहणाऱ्याने कडेकडे पाहायला हवे. नाण्याची सावली एकसारखी, सपाट गोल दिसते. बॅटरीच्या सावलीत कडेच्या आत आणखी एक वर्तुळ दिसते, जणू गोलात गोल. बाजूने काढलेल्या एक्स-रेत नाण्याची कड सरळ असते, तर बॅटरीच्या कडेला छोटी पायरी दिसते, कारण तिची एक बाजू दुसरीपेक्षा थोडी लहान असते. म्हणून समोरून आणि बाजूने असे दोन्ही एक्स-रे काढावेत, आणि ते गळ्यापासून पोटापर्यंतचे असावेत. एकावर एक चिकटलेली दोन नाणीही कधी कधी असाच गोल दाखवतात. खात्री होत नसेल तेव्हा ती बॅटरी आहे असे मानूनच पुढचे पाऊल टाकायचे.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, रोह्याजवळच्या एका गावात संध्याकाळी साडेसात वाजता अडीच वर्षांची मुलगी खेळता खेळता एकदम ओकारी काढते, रडते आणि मग तिच्या तोंडातून लाळ गळू लागते. आजी म्हणते, ‘देवापुढचा रुपया गिळला असणार.’ पहिले काम म्हणजे मुलगी रडते आहे का, बोलते आहे का ते पाहणे. आवाज निघतो आहे म्हणजे श्वासनलिका बंद झालेली नाही, तेव्हा पाठीवर मारायचे नाही, उलटे धरायचे नाही. दुसरे काम म्हणजे जमिनीकडे पाहणे. एकाने मुलीजवळ बसावे आणि दुसऱ्याने दोन मिनिटांत तिच्या आसपासच्या वस्तू तपासाव्यात. दिव्यांच्या माळेचा रिमोट उघडा पडला आहे आणि त्यातला सेल सापडत नाही, एवढे कळले की रुपयाची गोष्ट तिथेच सोडून द्यायची.

घरात मध असेल तर तो इथे उपयोगी पडतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या संशोधनात बॅटरीने होणारी जखम मधाने कमी होते असे दिसले. मध बॅटरीभोवती लेप धरतो आणि अल्कलीची धार कमी करतो. मूल एक वर्षाहून मोठे असेल, बॅटरी गिळून बारा तास झाले नसतील आणि गिळता येत असेल, तर दोन चमचे, म्हणजे सुमारे १० मिलिलिटर मध द्यावा आणि वाटेत दर दहा मिनिटांनी, जास्तीत जास्त सहा वेळा, पुन्हा द्यावा. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये. मध म्हणजे उपचार नव्हे, तो वाटेतला दिलासा आहे. त्यासाठी दुकानात जायचे नाही आणि निघायला एक मिनिटही उशीर करायचा नाही. बॅटरीशिवाय दुसऱ्या कशासाठी हा उपाय नाही.

आठ वाजता ही मुलगी रोह्याच्या रुग्णालयात पोहोचली आणि सव्वाआठला एक्स-रेत गळ्यापाशी गोलात गोल दिसला, तर पुढचा प्रश्न फक्त एकच: लहान मुलाला भूल देऊन दुर्बिणीने बॅटरी काढणारे पथक या क्षणी कुठे तयार आहे? तो फोन डॉक्टरांनी गाडी निघण्याआधी करायचा. रोह्याहून मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचायला अडीच-तीन तास लागतात, म्हणजे दोन तासांची वेळ आधीच हुकलेली असते. पोहोचल्यावर पुन्हा केसपेपर, पुन्हा एक्स-रे, मग भूलतज्ज्ञाची शोधाशोध असे झाले तर आणखी दोन तास जातात. हे दोन तास मात्र वाचवता येतात. आणि त्याच एक्स-रेत साधा सपाट गोल दिसला असता तर? लाळ गळते आहे म्हणून नाणे त्याच रात्री काढावे लागले असते, पण जिवाची शर्यत नसती. लाळ गळत नसती तर मुलीला उपाशी ठेवून, सकाळी पुन्हा एक्स-रे काढून ठरवता आले असते. एकाच मुलीचे, एकाच संध्याकाळचे हे तीन वेगळे रस्ते एका चित्राने ठरतात.

नाकातल्या मण्याची गोष्ट बरीच शांत आहे. पेण, हमरापूर, जोहे या भागात गणपतीच्या मूर्तींना खडे, मोती, मणी लावण्याचे काम घरोघरी चालते. मोठी माणसे कामात असतात आणि दोन-तीन वर्षांचे मूल शेजारी बसलेले असते. नाकात गेलेला प्लास्टिकचा किंवा काचेचा मणी मूल नीट श्वास घेत असेल तर सकाळपर्यंत थांबू शकतो. त्यासाठी रात्री दोन वाजता गाडी काढायची गरज नाही. गरज असते ती हात आवरण्याची. गुळगुळीत गोल मणी चिमट्याने धरला की निसटतो आणि आत सरकतो. हेअरपिन, काडी, बोट यांनीही तेच होते. मागे ढकलला गेलेला मणी घशात पडून श्वासनलिकेत जाऊ शकतो. सकाळी थांबता येणारी गोष्ट रात्रीची तातडी होते ती अशी.

घरी करून पाहण्याजोगा एक उपाय मात्र आहे. अमेरिकेतल्या एका डॉक्टरने १९६५ साली तो प्रथम नोंदवला आणि २०१२ साली जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा साधारण दहांतल्या सहा मुलांत तो यशस्वी झाल्याचे दिसले. मुलाला मांडीवर घेऊन आईने ‘एक मोठ्ठा पापा देते’ असे सांगायचे. मुलाचे तोंड उघडे असताना त्यावर आपले तोंड घट्ट बसवायचे, मोकळी नाकपुडी बोटाने बंद करायची आणि आधी हळू फुंकायचे. फुंकर पुढे जात नाही असे वाटले की गालातल्या हवेने एकच झटकन फुंकर मारायची. हवा घशामागून फिरून अडलेल्या नाकपुडीतून बाहेर येते आणि मणी पुढे ढकलते. कधी तो आईच्या गालावरच येतो, कधी नाकपुडीच्या तोंडाशी दिसू लागतो. एक-दोनदा करून निघाला नाही तर सोडून द्यायचे. मूल घाबरून रडत असेल तर करूच नये.

याला काही अपवाद आहेत आणि ते लक्षात ठेवायला सोपे आहेत. घड्याळातली किंवा खेळण्यातली छोटी बॅटरी नाकात गेली असेल तर ती थांबू शकत नाही. ती काही तासांत नाकाचा पडदा जाळून त्याला भोक पाडू शकते. त्या नाकात थेंब किंवा पाणी घालू नये, ओलाव्याने वीज अधिक वाहते. नाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक चुंबक चिकटले असतील तर तीही घाईच आहे, कारण मधला पडदा दोघांत चिरडतो. दोन चुंबके गिळली असतील तर आतड्यांचेही असेच होते. तिसरा अपवाद शेतातला. भात निघाल्यावर या तालुक्यांत वाल पेरतात आणि घरात वालाच्या बिया सांडलेल्या असतात. कोरडा वाल नाकातल्या ओलाव्याने फुगतो आणि दर तासाला काढायला अवघड होतो. तो त्याच दिवशी काढून घ्यावा आणि नाक पाण्याने धुऊ नये.

कधी कधी मणी गेल्याचे कुणालाच कळत नाही. मग काही आठवड्यांनी एकाच नाकपुडीतून दुर्गंधी येणारा, कधी रक्ताळलेला शेंबूड वाहू लागतो. सर्दी दोन्ही बाजूंना होते. लहान मुलाची एकच बाजू घाण वाहत असेल तर आत काही नाही ना, हे पाहिल्याशिवाय औषधांच्या बाटल्या बदलत बसू नये. आणि नाकात मणी घातलेले किंवा शेंगदाणा-मणी तोंडात असलेले मूल अचानक जोरात खोकू लागले, मग शांत झाले तरी घरघर उरली, तर वस्तू श्वासनलिकेत गेली असे समजून लगेच रुग्णालय गाठावे. मूल खोकूही शकत नसेल, आवाज निघत नसेल, निळे पडत असेल, तर गाडीची वाट न पाहता तिथेच पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा द्याव्यात, मग एक वर्षावरच्या मुलाला बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब द्यावा. बाळाला पोटाऐवजी छातीवर दाब द्यावा. श्वास सुरू होईपर्यंत हे आळीपाळीने करत राहावे, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.

आता व्यवस्थेबद्दल. तालुक्याच्या ठिकाणी गिळलेल्या वस्तूसाठी सर्वांत मोलाचे यंत्र दुर्बीण नव्हे, एक्स-रे आहे. तो न काढता ‘पुढील उपचारासाठी मोठ्या रुग्णालयात’ एवढेच लिहून दिलेली चिठ्ठी कुटुंबाला रस्त्यावर आणते आणि पुढच्या डॉक्टरला काहीच सांगत नाही. पेण आणि रोह्यात रात्री कोणत्याही वेळी हा एक्स-रे निघाला पाहिजे, आणि रात्रपाळीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या टेबलासमोर नाण्याचा आणि बॅटरीचा असे दोन एक्स-रे शेजारी शेजारी लावलेले असले पाहिजेत. चिठ्ठीवर वस्तू कोणती, कुठे दिसली, किती वाजता गिळली, मुलाने शेवटचे कधी खाल्ले आणि पुढे कुणाशी बोलणे झाले, या पाच गोष्टी असाव्यात. यासाठी नवी इमारत लागत नाही, निधीही लागत नाही.

दुसरी मागणी बाजाराकडे आहे. अमेरिकेत रीस नावाच्या दीड वर्षाच्या मुलीचा रिमोटमधली बॅटरी गिळल्यामुळे मृत्यू झाल्यावर २०२२ साली तिच्याच नावाने कायदा झाला. बटण बॅटरी असलेल्या घरगुती वस्तूचे झाकण लहान मुलाला सहज उघडता येऊ नये, अशी सक्ती त्यात आहे. आपल्याकडे जत्रेत आणि सणाच्या बाजारात मिळणाऱ्या पणत्यांची, माळांच्या रिमोटची झाकणे नखाने उघडतात. तसा नियम होईपर्यंत झाकणावर चिकटपट्टी लावणे आणि काढलेला सेल लगेच चिकटपट्टीत गुंडाळून मुलाच्या हाताला न लागेल असा टाकणे, हे घरच्यांनाच करावे लागेल. दर महिन्याला एकदा घरातल्या अशा वस्तूंची झाकणे हलवून पाहावीत. जे ढिले असेल ते मुलाच्या उंचीवर ठेवू नये.